बोटांच्या आधी डोळे

रुबिक क्यूब तीस सेकंदांच्या आसपास सोडवणारी मुले आता गल्लोगल्ली सापडतात. अशा एखाद्याला मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढायला सांगा आणि तो संथ गतीने बघायला लावा. बहुतेकांना धक्का बसतो. आपली बोटे हळू चालतात अशी त्याची तक्रार असते, व्हिडिओत मात्र बोटे चालताना दिसतात ती बऱ्यापैकी वेगाने. फक्त मधूनमधून ती चालतच नाहीत. क्यूब हातात गोल गोल फिरतो, डोळे एखादा तुकडा शोधत असतात आणि टायमर पुढे सरकत असतो.

हिशेब करून बघू. आज प्रचलित असलेल्या पद्धतीने एक क्यूब सोडवायला साठेक मूव्ह लागतात. त्या तीस सेकंदांत झाल्या, म्हणजे सेकंदाला दोन पडल्या. आता त्याच मुलाला एकच ओळखीची साखळी सलग फिरवायला सांगा, तो सेकंदाला चार मूव्ह सहज करतो. त्या गतीने साठ मूव्हला पंधरा सेकंद पुरायला हवेत. उरलेली पंधरा सेकंदे हात रिकामे होते. म्हणून वीस सेकंदांच्या आत यायचे असेल तर नवा महागडा क्यूब किंवा आणखी पन्नास फॉर्म्युले यांच्याआधी हे थांबे कमी करायला हवेत. क्रॉसचे नियोजन, बोटांची तंत्रे आणि लुक-अहेड या तीन गोष्टी क्यूबवाल्यांच्या बोलण्यात वेगवेगळ्या येतात, पण तिन्हींचे काम तेच आहे.

आधी पद्धतीविषयी थोडेसे. हंगेरीच्या एर्नो रुबिक यांनी 1974 साली हा ठोकळा बनवला. 1982 मध्ये बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि अमेरिकेच्या मिन थाय याने ती 22.95 सेकंदांच्या वेळेने जिंकली. चेकोस्लोव्हाकियाची जेसिका फ्रिड्रिक त्या स्पर्धेत उतरली होती. आज जगभर वापरली जाणारी पद्धत तिच्या नावाने ओळखली जाते, जरी ती घडवण्यात त्या काळच्या आणखी काही जणांचा वाटा होता. या पद्धतीत चार टप्पे येतात. आधी तळाच्या रंगाचा क्रॉस. मग तळाचे दोन थर चार जोड्यांनी भरायचे, एका जोडीत एक कॉर्नर आणि त्याची एज. त्यानंतर वरच्या थराचे तोंड एका रंगाचे करायचे आणि शेवटी त्या थरातले तुकडे आपापल्या जागी बसवायचे. शेवटच्या दोन टप्प्यांसाठी 57 आणि 21 असे पाठ करायचे फॉर्म्युले आहेत, आणि नवखा हौशी आपली सगळी शक्ती तिथेच घालवतो. 2023 मध्ये अमेरिकेच्या मॅक्स पार्कने 3.13 सेकंदांत क्यूब सोडवला तो याच पद्धतीच्या चौकटीत. 1982 ते 2023 या काळात क्यूब गुळगुळीत झाले, त्यांत चुंबके आली, हे खरेच. पण मुख्य फरक पडला तो दोन मूव्हमधली रिकामी जागा नाहीशी झाल्याने.

पुढे जाण्यासाठी खुणांची भाषा लागेल. उजवी बाजू R, डावी L, वरची U, खालची D, समोरची F आणि मागची B. नुसते अक्षर म्हणजे त्या बाजूकडे तोंड करून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा. अक्षरावर टिंब असेल, उदाहरणार्थ R', तर उलटा पाव फेरा. आणि R2 म्हणजे अर्धा फेरा. D विषयी थोडी सावधगिरी हवी, तिची दिशा खालून पाहून ठरते. वरून पाहून फिरवली की हमखास उलटी पडते.

आता क्रॉस. स्पर्धेत क्यूबवरचे झाकण उचलल्यावर निरीक्षणाला पंधरा सेकंद मिळतात. आठ आणि बारा सेकंदांना पंच मोठ्याने सांगतो, आणि पंधराच्या पुढे गेलात तर वेळेत दोन सेकंदांची भर पडते. या पंधरा सेकंदांत क्यूब हातात घेऊन हवा तसा फिरवून बघता येतो, फक्त एकही थर वळवायचा नाही. म्हणजे एवढा विचार फुकटात करायला मिळतो. तरीही पुष्कळ मुले या वेळात क्यूबकडे नुसती बघतात, पहिली पांढरी एज सापडली की क्यूब खाली ठेवून टायमर सुरू करतात आणि उरलेल्या तीन एज घड्याळ चालू झाल्यावर शोधतात.

क्रॉसच्या चार एज क्यूबवर 1,90,080 वेगवेगळ्या प्रकारे मांडलेल्या असू शकतात. संगणकाने या सगळ्या तपासून झाल्या आहेत. आठपेक्षा जास्त मूव्ह एकाही मांडणीला लागत नाहीत, आणि पूर्ण आठ लागतात अशा फक्त 102 आहेत. निम्म्याहून थोड्या अधिक मांडण्या सहा मूव्हमध्ये सुटतात. तेव्हा कुणाचा क्रॉस नेहमी बारा-तेरा मूव्ह खात असेल तर तो एकेक एज स्वतंत्रपणे बसवतो आहे, हे न बघताही सांगता येते.

एक उदाहरण हातात क्यूब घेऊनच करण्यासारखे आहे. सुटलेला क्यूब घ्या. पांढरा तळाला, हिरवा समोर धरा. नेहमीच्या रंगरचनेच्या क्यूबवर मग नारिंगी उजवीकडे, निळा मागे आणि लाल डावीकडे येतो. आता तो एवढाच बिघडवा: D B2 F'. वरचे दोन थर विस्कटले असले तरी पुढचे सगळे तसेच लागू पडते, आपल्याला सध्या फक्त चार पांढऱ्या एजशी देणेघेणे आहे.

काय दिसते? पांढरी-हिरवी एज तळाशीच आहे, पांढरा खाली, पण हिरव्याऐवजी नारिंगी सेंटरच्या खाली. पांढरी-निळी तशीच लाल सेंटरच्या खाली. पांढरी-नारिंगी वरच्या थरात मागच्या बाजूला आहे, पांढरा वर. आणि पांढरी-लाल मधल्या थरात, समोरच्या आणि उजव्या बाजूच्या सांध्यावर, तिचा पांढरा रंग उजवीकडे.

नवखा काय करतो? तळाच्या दोन एज चुकीच्या सेंटरखाली आहेत हे त्याला बघवत नाही. तो आधी D' करून त्या आपापल्या घरी नेतो. मग U करून नारिंगी एज उजवीकडे आणतो आणि R2 ने खाली बसवतो. त्यात लाल एज मागे ढकलली जाते. तिला बाहेर काढायला B करावे लागते, त्याने निळी हलते, म्हणून U' करून लाल डावीकडे सरकवायची, B' ने निळी परत आणायची आणि शेवटी L2. एकूण सात मूव्ह: D' U R2 B U' B' L2. क्रॉस झाला, चूक काहीच नाही.

जाणकार त्याच मांडणीत वेगळे काहीतरी बघतो. हिरवी आणि निळी एज सेंटरच्या हिशेबाने चुकल्या आहेत, पण एकमेकींच्या हिशेबाने बरोबर आहेत. हिरव्याच्या समोरासमोर निळा असायला हवा आणि तो आहे. क्रॉसमध्ये चार एजचा आपापसातला क्रम जुळला की तळ एकदाच फिरवून सगळ्या एका झटक्यात घरी जातात. मग उरलेल्या दोघींना सेंटरकडे न बघता या क्रमात घुसवायचे. हिरवी आत्ता उजवीकडे आहे, निळी डावीकडे. या हिशेबाने लालची जागा समोर आणि नारिंगीची मागे. लाल एज एका F मध्ये समोर तळाशी येते, पांढरा खाली. नारिंगी B2 मध्ये मागे तळाशी. आता D', आणि चौघी आपापल्या सेंटरखाली. F B2 D', फक्त तीन मूव्ह.

सातवरून तीनवर आलो, पण काम अजून संपलेले नाही. B2 हाताला वाईट पडते. मागची बाजू फिरवायला मनगट वाकडे करावे लागते नाहीतर पकड सोडावी लागते. इथे निरीक्षणाचे पंधरा सेकंद कामी येतात. सुरुवात करण्याआधीच क्यूब पाव फेरा वळवून नारिंगी समोर आणि हिरवा डावीकडे घ्या. मग तीच उकल L R2 D' अशी होते. डाव्या हाताची एक, उजव्या हाताची एक आणि तळाची एक. L आणि R2 समोरासमोरच्या बाजू असल्याने दोन्ही हात जवळजवळ एकाच वेळी चालवता येतात. मूव्ह तेवढ्याच, पण हाताला बऱ्याच सोप्या. क्रॉस कमीत कमी मूव्हमध्ये करणे आणि तो हाताला सोपा करणे यांत निवड करायची वेळ आली, तर मी एक मूव्ह जास्त गेली तरी सोपा क्रॉस पसंत करेन.

नियोजन झाले आहे की नाही हे ओळखायची एक खरी परीक्षा आहे. डोळे मिटून क्रॉस करा. क्यूब बघा, हवा तेवढा वेळ घ्या, सुरुवातीला पंधराऐवजी दोन मिनिटे लागली तरी चालतील. मग डोळे मिटा, मूव्ह करा, उघडा. क्रॉस झाला नसेल तर कुठली एज चुकली ते पाहा. बहुधा शेवटची चुकलेली असते, कारण आधीच्या मूव्हनी ती हलली हे हिशेबात धरायचे राहून गेलेले असते. पहिल्या दोन एजच्या वाटेत तिसरी येते का, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारत राहिले तरी ही चूक बरीच कमी होते.

आणि क्रॉस तळालाच करायचा. शिकताना बहुतेक जण पांढरा वर धरून क्रॉस करतात, कारण तो दिसतो; मग क्यूब उलटा करतात. त्या उलटण्यात सेकंद तर जातोच, शिवाय क्रॉस करताना जे काही नजरेस पडले होते ते सगळे पुसले जाते. पांढरा तळाला असेल तर क्रॉसचा शेवटचा D' चालू असताना डोळे वरच्या थरावर असतात. आपल्या उदाहरणात L आणि R2 वरच्या थरातल्या समोरच्या आणि मागच्या एजला स्पर्शही करत नाहीत. निरीक्षणात त्यातली एखादी एज आणि तिचा कॉर्नर हेरून ठेवला, तर क्रॉस संपताच पहिली जोडी कुठे आहे हे आधीच ठाऊक असते.

बोटांचे तंत्र म्हणजे थर हाताने न वळवता बोटाने टिचकी मारून वळवणे. मूळ पकडीत दोन्ही अंगठे समोरच्या बाजूवर असतात. दोन्ही तर्जन्या वरच्या थराच्या पाठीमागे, मधली बोटे मधल्या थराच्या पाठीमागे आणि अनामिका तळाच्या थराच्या पाठीमागे. या पकडीतून उजव्या तर्जनीने मागून उजवीकडे ओढले की U होते, डाव्या तर्जनीने डावीकडे ओढले की U'. तळाला दिशा उलट्या पडतात: उजव्या अनामिकेने D' आणि डाव्या अनामिकेने D. R आणि R' ला बोटे लागत नाहीत, मनगट वर आणि खाली. समोरची बाजू F करायला उजवी तर्जनी वरून उजव्या कडेवर खाली येते. U2 साठी मनगट वळवणारे पुष्कळ दिसतात. तिथे उजवी तर्जनी आणि तिच्या पाठोपाठ मधले बोट, अशा दोन सलग टिचक्या पुरतात.

सरावासाठी जगभर एकच साखळी वापरली जाते: R U R' U'. उजवे मनगट वर, उजवी तर्जनी, उजवे मनगट खाली, डावी तर्जनी. ही साखळी सहा वेळा केली की क्यूब होता तसा होतो, त्यामुळे सुटलेल्या क्यूबवर टीव्ही बघता बघताही करता येते. पाहायचे ते एवढेच, की चोवीस मूव्हमध्ये एकदाही पकड बदलली का. बदलली असेल तर बहुधा डावी तर्जनी तिच्या जागेवर नव्हती आणि U' साठी उजव्या हातालाच परत यावे लागले. डाव्या हाताला नुसता स्टँड समजणारे क्यूबर वीस सेकंदांच्या आसपास अडकून राहतात असे माझे निरीक्षण आहे.

दुसरी अडचण म्हणजे अडकणे. एक थर पुरता सरळ होण्याआधी दुसरा वळवायला घेतला की तुकडे एकमेकांत रुततात. चांगला क्यूब थोडा तिरका थर चालवून घेतो. हल्लीच्या क्यूबमधली चुंबके थर योग्य जागी ओढून घेतात, त्यामुळे अडकणे कमी होते. पण सतत अडकत असेल तर दोष बहुतेक वेळा जोराचा असतो. बोटाने टिचकी गरजेपेक्षा जोरात मारली की थर नव्वद अंशांच्या पुढे जातो आणि मग दुसरा थर त्याच्यावर आदळतो. व्हिडिओत हे स्वच्छ दिसते. स्प्रिंगचा ताण थोडा कमी-जास्त करणे आणि सिलिकॉन तेलाचे एक-दोन थेंब टाकणे हे उपाय आहेतच, ते दुसऱ्या नंबरवर.

पण बोटांच्या तंत्राचा खरा उपयोग वेगासाठी आहे असे मला वाटत नाही. साखळी बोटांत इतकी मुरली पाहिजे की ती चालू असताना तिच्याकडे बघावे लागू नये. पोळी लाटणारी बाई जशी पोळीकडे न बघता तव्यावरच्या पोळीकडे बघते, तसे. लुक-अहेड म्हणजे नेमके तेच. हात एक जोडी बसवत असतात आणि डोळे पुढची जोडी शोधत असतात.

हे ऐकायला सोपे आहे. करायला गेले की लक्षात येते की डोळे आपोआप चालू जोडीकडे ओढले जातात. ती नीट बसते की नाही याची खात्री करून घेण्याची ही सवय असते, आणि ती मोडायला महिने लागतात. मोडण्यासाठी एक गोष्ट कळणे फार उपयोगी पडते: कुठल्या मूव्हने कुठले तुकडे हलतात आणि कुठले हलतच नाहीत. डोळ्यांनी सगळा क्यूब पिंजून काढायचा नसतो, जिथे काही हलत नाही तिथे आधी बघायचे असते.

एक जोडी घेऊन बघू. हिरवा समोर, पांढरा तळाला. हिरव्या-नारिंगी जोडीचे दोन तुकडे वरच्या थरात समोर-उजव्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून आहेत. कॉर्नरचा पांढरा समोर बघतो आहे आणि कॉर्नर व त्याच्या मागे चिकटलेली एज या दोघांचा हिरवा वर आहे. ही जोडी बसते U R U' R' ने. U ने जोडी बाजूला होते, R ने तिची खाच वर येते, U' ने जोडी तिच्यात शिरते, R' ने खाच खाली जाते. सुटलेल्या क्यूबवर R U R' U' केले की नेमकी हीच स्थिती मिळते, तेव्हा करून बघायला अवघड नाही.

या चार मूव्हमध्ये बाकीच्यांचे काय होते? खालच्या दोन थरांतल्या उरलेल्या तीन खाचांमध्ये जे काही असेल ते शेवटी जिथल्या तिथे राहते. मागची-उजवी खाच R बरोबर क्षणभर हलते पण R' ने परत येते. वरच्या थरात समोरची एज आणि डावीकडची एज चार मूव्हनंतर आहे तिथेच असतात. समोर-डाव्या कोपऱ्यातला कॉर्नरही तिथेच. मागची एज उजवीकडे येते, वरचा रंग वरच ठेवून. मागचे दोन कॉर्नर आपापसात जागा बदलतात. आणि ज्या खाचेत आपण जोडी बसवली तिच्यात आधी जे तुकडे होते, ते वर येतात: एज मागे, कॉर्नर समोर-उजव्या कोपऱ्यात.

याचा व्यवहारातला अर्थ असा. साखळी सुरू करतानाच नजर समोर-डाव्या कोपऱ्यावर न्यायची. तिथला कॉर्नर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या एज हलणार नाहीत, म्हणून तिथे वाचलेले साखळी संपल्यावरही खरे राहील. समजा त्या कोपऱ्यात पांढरा-हिरवा-लाल कॉर्नर आहे. आता फक्त हिरवी-लाल एज शोधायची. ती समोर किंवा डावीकडे असेल तर तिथेच मिळेल. मागे असेल तर सुरुवातीला तिचा फक्त वरचा रंग दिसत होता, पण साखळीनंतर ती उजवीकडे येईल आणि दोन्ही रंग दिसतील. दोन्हीकडे नसेल, तर ती कुठल्यातरी खाचेत अडकली आहे. शोधाशोध संपली आणि हातांनी अजून R' केलेले नाही.

प्रत्येक जोडीचा असा तक्ता पाठ करायचा नाही, ते अशक्य आणि निरुपयोगी आहे. पण दोन-तीन नेहमीच्या साखळ्यांबाबत एकदा असे शांतपणे बसून पाहिले की एक ढोबळ जाणीव तयार होते. R आणि U ने चालणाऱ्या साखळीत डावीकडच्या दोन खाचांना काही होत नाही. L आणि U ने चालणाऱ्या साखळीत उजवीकडच्या दोन सुरक्षित असतात. यावरून आणखी एक सवय लागते, मागच्या खाचा आधी भरायची. मागच्या खाचेत काय आहे ते क्यूब वळवल्याशिवाय दिसत नाही. त्या भरून टाकल्या की लपलेले तुकडे फक्त समोरच्या दोन खाचांत उरतात, आणि त्या डोळ्यांसमोर असतात. क्यूब हातात पूर्ण फिरवणे हाच लुक-अहेडचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. प्रत्येक फेऱ्यानंतर नजरेने जमवलेली माहिती नव्याने जमवावी लागते. मागची जोडी फेरा न घेता बसवता यायला हवी, डावीकडची जोडी डाव्या हाताने L' U' L सारख्या साखळीने बसवता यायला हवी. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना हे सुरुवातीला फार अवघडल्यासारखे वाटते.

सराव कसा करायचा? मुद्दाम हळू. मोबाइलवर मेट्रोनोम लावा, मिनिटाला साठ ठोके, एका ठोक्याला एक मूव्ह. नियम एकच, ठोका चुकवायचा नाही. पहिल्या दिवशी जोडी संपली की दोन-तीन ठोके रिकामे जातातच. ते जात नाहीसे झाले की ठोके ऐंशी, मग शंभर. रिकामा ठोका परत दिसू लागला की ती तुमच्या डोळ्यांची सध्याची मर्यादा, तिथेच काही दिवस राहायचे. या सरावात टायमर बघायचा नाही, कारण वेळ वाईटच येणार आणि हात आपोआप पळायला लागणार. गंमत अशी, की पुष्कळांना नेहमीच्या सोडवण्यात मुद्दाम वेग तीस टक्के कमी केला तरी एकूण वेळ जवळपास तेवढीच येते. वेगाने कमावलेले थांब्यात जात होते, एवढाच त्याचा अर्थ.

या तंत्राला मर्यादाही आहेत. शेवटची जोडी बसवताना पुढे शोधायला जोडी उरत नाही. तिथे वरच्या थराचा नमुना साखळी पूर्ण होण्याआधी ओळखता येणे ही पुढची पायरी आहे, आणि ती येण्यासाठी त्या चौथ्या जोडीने वरचा थर कसा बदलतो हे जाणवावे लागते. ते पंधरा सेकंदांच्या आत आलेल्यांचे काम. त्याआधी शेवटच्या थरात एक छोटा थांबा पत्करावा. 57 फॉर्म्युलेही त्याच सुमाराला. वरचे तोंड एका रंगाचे करायला दोन टप्प्यांची दहाएक फॉर्म्युल्यांची सोपी वाट आहे; तिच्यामुळे होणारे नुकसान दोन-अडीच सेकंदांपलीकडे फारसे जात नाही. त्याच महिन्यात क्रॉस सातवरून पाचवर आणला आणि चार जोड्यांमधले तीन थांबे अर्ध्यावर आणले, तर फायदा त्याच्या कितीतरी पट.

मुंबई-पुण्यात वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या नियमांनी स्पर्धा होत असतात आणि तिथे पाच वेळा क्यूब सोडवायला मिळतो. सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वेळ वगळून मधल्या तिघांची सरासरी काढतात. एखादी नशिबाने लागलेली भन्नाट वेळ त्यात मोजली जात नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याचे हात थरथरतात, बोटे अडकतात, पाठ असलेली साखळी मध्येच तुटते. अशा वेळी हळू खेळणे जमले तर सरासरी टिकते, आणि हळू खेळायची सवय मेट्रोनोमवरच लागलेली असते. निरीक्षणाच्या वेळी पंच आठ सेकंद म्हणाला तेव्हा क्रॉसच्या चारही एज सापडलेल्या असाव्यात आणि बारा म्हणाला तेव्हा पहिल्या जोडीचा निदान एक तुकडा. उरलेल्या तीन सेकंदांत क्यूब मॅटवर ठेवायचा, मूव्ह मनात एकदा म्हणायच्या आणि हात टायमरच्या पट्ट्यांवर न्यायचे.